एआरसी की ईएआरसी? लॉसलेस आवाजाला नेमकं काय लागतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआरसी म्हणजे नक्की काय? यात 'परतीचा' आवाज कुठला?

एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज एकाच दिशेने जातात: प्लेयरकडून रिसीव्हरकडे, रिसीव्हरकडून टीव्हीकडे. पण टीव्हीमध्येच आता ॲप असतात, टीव्हीलाच सेट-टॉप बॉक्स जोडलेला असतो. अशा वेळी आवाज टीव्हीत तयार होतो किंवा टीव्हीपर्यंत येऊन थांबतो आणि त्याला उलट्या दिशेने साउंडबारकडे किंवा रिसीव्हरकडे पाठवावं लागतं. पूर्वी त्यासाठी वेगळी ऑप्टिकल केबल लावायचो. २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ ने हा आवाज त्याच एचडीएमआय केबलमधून मागे पाठवायची सोय केली. ती सोय म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल, अर्थात एआरसी.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, ती पुढे सतत लागणार आहे: एआरसी असो वा ईएआरसी, त्यांचा संबंध फक्त टीव्हीकडून बाहेर निघणाऱ्या आवाजाशी आहे. टीव्हीत न शिरलेल्या आवाजाशी त्यांना काही देणंघेणं नाही.

मग ईएआरसीमध्ये वेगळं काय?

ईएआरसी म्हणजे एन्हान्स्ड, अर्थात सुधारलेलं एआरसी. मुख्य फरक वाटेच्या रुंदीचा. एआरसीने वाट नवी केली, पण त्यावरून धावणारी गाडी जुनीच ठेवली. ऑप्टिकल केबलमधून जो सिग्नल जातो, साधारण तोच एआरसीतून जातो. त्याची घडण मुळात दोन चॅनलच्या आवाजासाठी आहे. त्यात स्टीरिओ पीसीएम, म्हणजे न दाबलेला दोन चॅनलचा डिजिटल आवाज, जसाच्या तसा मावतो. त्याहून जास्त चॅनल हवे असतील तर ते दाबून, म्हणजे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या रूपात भरावे लागतात. बऱ्याच टीव्हींवर डॉल्बी डिजिटल प्लसही एआरसीतून जातं. ऑप्टिकलपेक्षा एआरसी सरस ठरतो तो इथे.

आता थोडं गणित. दर सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा आणि चॅनल ८. यांचा गुणाकार केला की न दाबलेल्या ७.१ आवाजाला दर सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट लागतात. नमुने १,९२,००० केले की हाच आकडा ३६.९ मेगाबिटवर जातो. ईएआरसी २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर आलं आणि त्याची वाट नेमकी या शेवटच्या आकड्याला पुरेल एवढी, म्हणजे सुमारे ३७ मेगाबिटची आहे. ब्लू-रेवरच्या डॉल्बी ट्रूएचडीची कमाल मर्यादा १८ मेगाबिट आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओची २४.५ मेगाबिट. दोन्ही ईएआरसीत आरामात मावतात. याउलट डिस्कवरच्या साध्या डॉल्बी डिजिटलची मर्यादा ६४० किलोबिट आहे, म्हणजे एका मेगाबिटपेक्षाही कमी. या दोन टोकांमध्ये किती अंतर आहे ते यावरून दिसतं.

लॉसलेस म्हणजे काय? माझ्या साउंडबारवर 'Dolby Atmos' येतं, म्हणजे लॉसलेसच ना?

नाही, आणि या विषयातला सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो.

लॉसलेस म्हणजे आवाज दाबताना त्यातलं काहीही टाकून दिलेलं नाही. उलगडल्यावर मूळ रेकॉर्डिंग बिट न बिट परत मिळतं. लॉसी पद्धतीत कानाला जाणवणार नाही असं वाटणारे तपशील काढून टाकलेले असतात आणि ते परत मिळत नाहीत. ॲटमॉस या दोन्हींपासून वेगळी गोष्ट आहे. कोणता आवाज खोलीत कुठून यावा, छतावरून की डावीकडून, याची माहिती म्हणजे ॲटमॉस. ही माहिती दोन वेगळ्या वाहनांवर बसून येते. स्ट्रीमिंगमध्ये ती लॉसी डॉल्बी डिजिटल प्लसवर बसते. तिथे बिटरेट साधारण ७६८ किलोबिटच्या आसपास असतो. ब्लू-रे डिस्कवर ती लॉसलेस ट्रूएचडीवर बसते. दोन्ही वेळी साउंडबारवर तेच दोन शब्द उजळतात, पण आतला माल वेगळा असतो.

मी फक्त टीव्हीतल्या ॲपवर सिनेमे बघतो. मला ईएआरसी लागेल का?

लॉसलेससाठी नाही. स्ट्रीमिंगवरच्या सिनेमांचा मल्टिचॅनल आवाज मुळातच लॉसी असतो आणि तो एआरसीतून जाऊ शकतो. टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही डॉल्बी डिजिटल प्लस चालत असेल तर ॲटमॉससुद्धा एआरसीवरून मिळतं. यासाठी टीव्ही किंवा साउंडबार बदलायला निघाला असाल तर थांबा.

अपवाद बाहेरून जोडलेल्या काही स्ट्रीमिंग बॉक्सचा. ते ॲटमॉस स्वतः उलगडून, न दाबलेल्या आवाजाच्या रूपात टीव्हीला देतात. मूळ आवाज लॉसीच असतो, पण उलगडल्यावर त्याचा पसारा वाढतो आणि मग तो एआरसीत मावत नाही. काही टीव्ही तो पुन्हा दाबून एआरसीने पाठवतात, काही नुसता स्टीरिओ पाठवतात. म्हणून अशा बॉक्सबरोबर ईएआरसी उपयोगी पडतं, जरी आवाज लॉसलेस नसला तरी.

तर मग लॉसलेस आवाजाला ईएआरसी केव्हा लागतं?

तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तेव्हा. आवाज मुळात लॉसलेस हवा, म्हणजे ब्लू-रे किंवा ४के डिस्क, त्यावरून काढलेली फाइल किंवा गेम. तो दोनपेक्षा जास्त चॅनलचा हवा. आणि तो टीव्हीतून होऊन साउंडबारकडे जाणार हवा.

तिसरी अट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. प्लेयर थेट रिसीव्हरच्या किंवा साउंडबारच्या HDMI IN मध्ये लावला तर आवाज तिथेच उतरतो आणि फक्त चित्र पुढे टीव्हीकडे जातं. परतीचा प्रवासच होत नाही, त्यामुळे ईएआरसीचा प्रश्न उद्भवत नाही. ईएआरसी येण्याआधी कित्येक वर्षं लोक याच जोडणीने ट्रूएचडी ऐकत होते आणि आजही ऐकतात. घरात ब्लू-रे प्लेयर एकच असेल आणि साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल, तर माझ्या मते हीच जोडणी सगळ्यात साधी आणि भरवशाची. मध्ये टीव्ही नाही, त्यामुळे टीव्हीच्या सेटिंगची भानगडही नाही.

ईएआरसीची खरी गरज दोन ठिकाणी पडते. साउंडबारला एकच एचडीएमआय पोर्ट असेल आणि तो टीव्हीला जोडण्यात गुंतलेला असेल, तर प्लेयर टीव्हीलाच लावावा लागतो. किंवा साउंडबारला इनपुट असूनही त्यातून टीव्हीपर्यंत हवं तसं चित्र जात नसेल, उदाहरणार्थ १२० हर्ट्झचं ४के किंवा एखादा विशिष्ट एचडीआर प्रकार. तेव्हा चित्रासाठी यंत्र थेट टीव्हीला लावायचं आणि आवाजासाठी ईएआरसीवर विसंबायचं.

एआरसीवरही डिस्कचा आवाज नीट येतो. मग बिघडलं कुठे?

बिघाड कळतच नाही, ही त्यातली अडचण आहे. कुठलाही संदेश येत नाही, आवाज बंद पडत नाही.

प्लेयर टीव्हीला जोडला की टीव्ही त्याला आपल्याला कोणकोणते आवाज चालतात त्याची यादी देतो. पुढे फक्त एआरसी असेल तर बहुतेक टीव्ही त्या यादीत ट्रूएचडी दाखवतच नाहीत. मग प्लेयर निमूटपणे खालच्या पायरीवर येतो. ब्लू-रेवर प्रत्येक ट्रूएचडी ट्रॅकच्या सोबतीला साधा डॉल्बी डिजिटल ट्रॅक ठेवावाच लागतो, तो प्लेयर उचलतो. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओच्या पोटात साध्या डीटीएसचा गाभा असतो, प्लेयर तेवढाच पुढे पाठवतो. सिनेमा सुरू होतो, संवाद ऐकू येतात, स्फोटही दणकेबाज वाटतात. पण ७.१ चे ५.१ झालेले असतात आणि ॲटमॉस पूर्ण गेलेलं असतं, कारण ते ट्रूएचडीवर बसलेलं होतं.

यातून एक विचित्र परिस्थिती तयार होते. तोच सिनेमा टीव्हीच्या ॲपवर लावला तर एआरसीवरून ॲटमॉस मिळतं आणि डिस्कवरून लावला तर मिळत नाही. डिस्क खराब आहे असं समजून लोक ती बदलायला जातात. डिस्क चांगलीच असते. तिच्यावरचा आवाज त्या वाटेत मावत नाही, एवढंच.

सगळं ईएआरसीवालं घेतलं तरी लॉसलेस येत नाही. शोध कुठून घ्यायचा?

माझ्या मावसभावाकडे घडलेलं सांगतो, कारण त्यात नेहमीच्या जवळजवळ सगळ्या चुका एकाच संध्याकाळी सापडल्या. त्याचा टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही ईएआरसीचे होते. ४के प्लेयर टीव्हीच्या दोन नंबरच्या पोर्टला लावलेला, डिस्कवर ट्रूएचडी ॲटमॉस. आम्ही एकच प्रसंग पुन्हा पुन्हा लावला आणि प्रत्येक बदलानंतर रिसीव्हरच्या पडद्यावर काय येतं ते पाहत गेलो. कानावर भरवसा ठेवायचा नाही असं आधीच ठरवलं होतं.

सुरुवातीला पडद्यावर `PCM 2.0` होतं. म्हणजे टीव्ही सगळं उलगडून स्टीरिओ करून पाठवत होता. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत डिजिटल आउटपुट `PCM` वर होतं, ते `Pass Through` केलं. काही टीव्हींवर याच कामासाठी `Auto` किंवा `Bitstream` असं नाव असतं. आता रिसीव्हरवर `Dolby Digital` आलं. चॅनल वाढले, पण अजून लॉसीच.

पुढची शंका ईएआरसी चालू आहे का, ही. ते वेगळ्या ओळीत होतं आणि चक्क `Off` होतं. कारखान्यातूनच तसं आलेलं असावं. ते `Auto` केलं. रिसीव्हरच्या एचडीएमआय मेनूतही तसंच एक बटण निघालं, तेही चालू केलं. मग दोन्ही यंत्रं आणि प्लेयर बंद करून प्लग काढले, मिनिटभर थांबलो आणि आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग प्लेयर असे पुन्हा सुरू केले. हे करायला कंटाळू नका. कोणाला काय चालतं याची विचारपूस यंत्रं जोडणी होताना करतात आणि जुनी उत्तरं धरून बसतात.

टीव्हीने आता ईएआरसी जोडलं गेल्याचं दाखवलं, तरी रिसीव्हरवर `Dolby Digital` च. इथे आम्ही बराच वेळ अडलो, केबलही बदलून पाहिली. शेवटी दोष प्लेयरमध्ये निघाला. त्याच्या मेनूत `BD Audio Mix` चालू होतं. काही प्लेयरवर त्याला `Secondary Audio` म्हणतात. हे चालू असलं की मेनूचे टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाचं निवेदन मुख्य आवाजात मिसळता यावं म्हणून प्लेयर आवाज उलगडतो आणि पुन्हा लॉसी दाबून बाहेर काढतो. ते बंद करून आउटपुट `Bitstream`, म्हणजे न उलगडता जसाच्या तसा आवाज, ठेवलं, डिस्क पुन्हा सुरू केली आणि रिसीव्हरवर `Dolby Atmos / TrueHD` आलं.

एकूण तीन यंत्रांत चार सेटिंग चुकीची होती आणि त्यातलं एकही दुसऱ्याची चूक दाखवत नव्हतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा: स्टीरिओ दिसलं तर टीव्हीचं आउटपुट पाहा, डॉल्बी डिजिटल किंवा नुसतं डीटीएस दिसलं तर ईएआरसीचा बटण पाहा आणि ते ठीक असेल तर प्लेयरकडे वळा.

माझा साउंडबार फक्त 'Atmos' दाखवतो, पुढचं काही नाही. लॉसलेस आहे हे कसं ओळखू?

आवाज डिस्कवरून थेट `Bitstream` येत असेल आणि 'Atmos' दिसत असेल तर तो ट्रूएचडीच आहे असं धरायला हरकत नाही, कारण ब्लू-रेवर ॲटमॉस ट्रूएचडीसोबतच येतं. खात्री हवी असेल तर टीव्हीतलं ईएआरसी क्षणभर बंद करा आणि तोच प्रसंग पुन्हा लावा. 'Atmos' जाऊन साधं डॉल्बी आलं, तर आधी येत होतं ते ईएआरसीतूनच.

ईएआरसी जोडलेलं असूनही डीटीएसच्या डिस्कला आवाजच येत नाही. असं का?

वाट रुंद असली तरी फाटकावर अडवणारा टीव्ही आहे. प्लेयरकडून आलेला आवाज आधी टीव्हीने आत घ्यावा लागतो, मगच तो पुढे जातो. काही टीव्ही डीटीएसचा कुठलाच प्रकार घेत नाहीत. ईएआरसी त्याला काही करू शकत नाही.

यावर एक चांगला उपाय आहे. प्लेयरचं आउटपुट `Bitstream` वरून `PCM` करा. मग डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ प्लेयरच उलगडतो आणि ५.१ किंवा ७.१ चॅनल न दाबता टीव्हीला देतो. त्यावर डीटीएसचं नाव नसल्यामुळे टीव्ही अडवत नाही आणि ईएआरसीत ते सहज मावतं. आवाज पूर्ण लॉसलेस राहतो. किंमत एकच: डीटीएस:एक्स किंवा ॲटमॉसमधली आवाज कुठून यावा याची माहिती या रूपात उरत नाही. म्हणून मी हे सेटिंग फक्त डीटीएसच्या डिस्कसाठी बदलेन, ट्रूएचडी ॲटमॉसला परत `Bitstream`. हेच साध्या एआरसीवर केलं तर मात्र दोनच चॅनल मिळतील.

गेमिंग कन्सोलसाठी ईएआरसीचा उपयोग आहे का?

खूप. गेमचा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवलेला नसतो, तुम्ही खेळता तसा तो त्या क्षणी तयार होतो आणि मुळातच न दाबलेला मल्टिचॅनल असतो. एआरसीतून तो पाठवायचा तर कन्सोलला तो त्या क्षणीच डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबावा लागतो. त्यात तपशील जातोच, शिवाय दाबायला आणि उलगडायला वेळ लागतो. सिनेमात हा उशीर चित्र थोडं मागे ठेवून सावरता येतो. गेममध्ये बटण दाबल्यावर गोळीचा आवाज मागून आला तर तो खटकतोच. ईएआरसी असेल तर कन्सोल टीव्हीला लावा, आवाज `Linear PCM` ठेवा आणि दाबणं-उलगडणं टाळा.

केबल नवी घ्यावी लागेल का?

कदाचित नाही. परतीचा आवाज चित्राच्या तारांतून जात नाही. तो १४ आणि १९ क्रमांकाच्या पिनांना जोडलेल्या दोन तारांच्या जोडीतून जातो, जी मुळात एचडीएमआयमधून इथरनेट नेण्यासाठी आखली होती. म्हणून जुनी हाय स्पीड केबल 'with Ethernet' प्रकारची असेल तर ईएआरसीला चालते. नवीन घ्यायची झालीच तर अल्ट्रा हाय स्पीड घ्या. तिच्यात ही जोडी असतेच.

काळजी घ्यायची ती लांब केबलबाबत. लांब पल्ल्याच्या काही ऑप्टिकल एचडीएमआय केबल चित्र उत्तम नेतात, पण परतीच्या आवाजाची सोय त्यांच्यात नसते किंवा फक्त एआरसीपुरती असते. भिंतीत गाडण्याआधी जमिनीवर पसरून आवाज तपासून घ्या. केबल रिसीव्हरकडे HDMI OUT मध्येच लावायची, ज्यावर ARC किंवा eARC लिहिलेलं असतं. आवाज आत यायचा म्हणून अनेकजण ती IN मध्ये लावतात आणि मग काहीच ऐकू येत नाही.

सीईसी चालू ठेवावं लागतं का? आणि ओठ आणि आवाज जुळत नाहीत त्याचं काय?

सीईसी म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय. एआरसी जुळवण्यासाठी सीईसी लागतंच. ईएआरसीची विचारपूस त्याच्या स्वतःच्या वाटेने होते, सीईसीवर ती अवलंबून नाही. तरी ते बंद केलंत तर टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होणं बहुधा थांबतं. शिवाय ईएआरसी जुळलं नाही आणि यंत्रं एआरसीवर उतरली, तर तेही जुळत नाही आणि शांतता पसरते. म्हणून मी चालूच ठेवतो. ओठ आणि आवाज जुळवण्याची सोय एआरसीत ऐच्छिक होती, ईएआरसीत ती बंधनकारक आहे.

टीव्ही एचडीएमआय २.१ चा नसेल तर ईएआरसी मिळणारच नाही का?

तसं नाही. ईएआरसी एचडीएमआय २.१ मध्ये आलं असलं तरी बाकी गोष्टी एचडीएमआय २.० च्याच असलेल्या अनेक यंत्रांतही ते दिलेलं आहे, काहींत तर नंतरच्या सॉफ्टवेअर अपडेटने आलं. उलटही खरं: खोक्यावर २.१ लिहिलेलं असूनही ईएआरसी असेलच असं नाही. आकडा न पाहता पोर्टवर किंवा माहितीपत्रकात `eARC` हे नाव शोधा. ते दोन्ही टोकांना हवं. एका बाजूला नुसतं एआरसी असेल तर दोघं मिळून एआरसीवरच चालतात.

खरं सांगा, फरक ऐकू येतो का?

तेच चॅनल, तेच मिश्रण आणि आवाजाची तीच पातळी ठेवून चांगल्या बिटरेटचं लॉसी आणि लॉसलेस शेजारी लावलं, तर फरक बारीक असतो आणि साध्या साउंडबारवर तो पकडणं कठीण. मात्र एआरसीवर डिस्क लावल्यावर तुलना अशी होत नाही. तिथे मागचे दोन चॅनल आणि छतावरचा आवाज पूर्ण गेलेले असतात आणि ते गेलेले कोणालाही कळतात. पावसाचा प्रसंग लावून पाहा: ट्रूएचडी ॲटमॉसमध्ये पाऊस डोक्यावर पडतो, डॉल्बी डिजिटलमध्ये तो आजूबाजूलाच राहतो. अर्थात त्यासाठी साउंडबारला वर किंवा मागे आवाज टाकणारे स्पीकर हवेत. दोनच स्पीकरचा बार असेल तर ईएआरसीने आणलेले आठही चॅनल तो शेवटी दोनांत मिसळणार.

मी फक्त स्टीरिओ गाणी ऐकतो, लॉसलेस. मग?

एआरसी पुरतं. सीडीच्या दर्जाचा किंवा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा स्टीरिओ पीसीएम त्यातून काहीही न गमावता जातो. टीव्हीचं आउटपुट `PCM` ठेवा, आवाजावर प्रक्रिया करणारे टीव्हीतले पर्याय बंद करा आणि ऐका.